बिनओळखीचा मेल आणि पहिला फोन

परदेशातल्या वितरकाशी ओळख नाही, कुणाची शिफारस नाही, प्रदर्शनात भेट झालेली नाही. अशा वेळी लहान कारखानदार त्याला जो पहिला मेल पाठवतो, त्याला व्यापारात ‘कोल्ड मेल’ म्हणतात. या मेलने माल विकला जात नाही आणि तशी अपेक्षाही ठेवायची नसते. समोरच्या माणसाने पंधरा मिनिटे फोनवर बोलायला तयार व्हावे, एवढेच त्याचे काम. बहुतेक कारखानदार मात्र या एका मेलमध्ये कंपनीचा इतिहास, यंत्रांची यादी, सगळी उत्पादने, दरपत्रक आणि पंचवीस पानांची माहितीपुस्तिका कोंबतात. मग मेल वाचलाच जात नाही.

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत तीस-पस्तीस कामगारांचा एक कारखाना आहे आणि तो स्टेनलेस स्टीलची कॅमलॉक कपलिंग बनवतो, असे उदाहरणादाखल धरू. टँकरमधून रसायन, तेल किंवा दूध उतरवताना जो जाड होज लावतात, त्याच्या तोंडाशी ही जोडणी असते. एका बाजूला बाहेरून गोल खाच असलेला अडॅप्टर, दुसऱ्या बाजूला दोन कान असलेला कपलर. कपलर अडॅप्टरवर बसवून दोन्ही कान खाली ओढले की आतले गॅस्केट दाबले जाते आणि सांधा बंद होतो. पाना लागत नाही. या कारखान्याला हा माल ब्रिटनमध्ये विकायचा आहे.

ब्रिटनमधल्या होज आणि फिटिंगच्या वितरकाकडे हा माल आधीपासून आहे, ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवी. त्याच्या मांडणीवर चीनचा, तैवानचा किंवा युरोपातला कुठला तरी कॅमलॉक ठेवलेला असतोच. नवा पुरवठादार घेणे म्हणजे त्याच्यासाठी जास्तीचे काम: नवे कोड, नवी तपासणी, गोदामात नवा कप्पा. दोन टक्के स्वस्त मिळते म्हणून तो एवढे करत नाही. त्याची खरी भीती वेगळी असते. कॅमलॉकचा निम्मा भाग आज विकला जातो आणि दुसरा निम्मा भाग गिऱ्हाइकाकडे दहा वर्षांपूर्वीचा, भलत्याच कंपनीचा असतो. नवा कपलर जुन्या अडॅप्टरवर नीट बसला नाही तर कान सैल राहतात, सांधा गळतो आणि गिऱ्हाइकाचा फोन कोल्हापूरला न जाता वितरकाला येतो. म्हणून त्याच्या मनातला प्रश्न ‘किती स्वस्त?’ हा नसतो, ‘हा माल बसेल का?’ हा असतो. चांगल्या मेलची सगळी रचना या प्रश्नाभोवती उभी राहते.

त्याआधी देशाचा विचार करावा लागतो, कारण न मागितलेला व्यापारी मेल सगळीकडे चालत नाही. जर्मनीचा अनुचित स्पर्धेविरुद्धचा कायदा अगोदर स्पष्ट संमती घेतल्याशिवाय जाहिरातीचा मेल पाठवू देत नाही, आणि ही बंदी कंपन्यांना पाठवलेल्या मेललाही लागू आहे. तिथे पहिला संपर्क फोनने किंवा टपालाने करणे बरे, तरी फोनवरसुद्धा समोरच्या कंपनीला या मालात रस असल्याचे पटण्याजोगे कारण हवे. कॅनडात 2014 पासून संमतीचा नियम आहे. कंपनीने पत्ता स्वतः उघडपणे प्रसिद्ध केला असेल आणि मेल त्या माणसाच्या कामाशी संबंधित असेल तर काही सवलत मिळते. अमेरिकेच्या 2003 च्या कायद्याने संमतीची अट घातलेली नाही, पण विषयाची ओळ फसवी नको, मेलमध्ये टपालाचा खरा पत्ता हवा आणि ‘पुन्हा पाठवू नका’ असे कळवल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत ते पाळले पाहिजे.

ब्रिटनचे नियम या दोन टोकांच्या मधे आहेत. तिथे लिमिटेड कंपनीला संमतीशिवाय व्यापारी मेल पाठवता येतो, पण एकट्याच्या मालकीची पेढी आणि साधी भागीदारी यांना व्यक्तीसारखेच संरक्षण आहे. मेल पाठवणाऱ्याने आपली ओळख लपवता कामा नये आणि नकार कळवायला खरा पत्ता द्यावा लागतो. समोरची पेढी कोणत्या प्रकारची आहे हे तपासायला कंपनीज हाउस हे सरकारी नोंदणीपुस्तक इंटरनेटवर फुकट उघडे आहे. त्यात कंपनीचे संचालक, तिने सादर केलेले हिशेब आणि ती चालू आहे की बंद झाली, हे सगळे दिसते. उधारीवर माल देण्याची वेळ पुढे कधीतरी येणारच असते, तेव्हा हा अर्धा तास दोनदा कामी येतो.

यादी वीस नावांपेक्षा मोठी नसावी. प्रत्येक वितरकाचा कॅटलॉग उघडून तो कॅमलॉक विकतो का, कोणत्या धातूचे, कोणत्या मापांचे, कुठल्या मापासमोर ‘सध्या शिल्लक नाही’ असे लिहिले आहे, हे पाहायचे असते. जो स्वतःच कपलिंग बनवतो तो वितरक नव्हे, स्पर्धक. जो फक्त हायड्रॉलिक होज विकतो त्याला हा माल लागत नाही. या चाळणीनंतर वीसातले आठ-नऊच उरतात आणि तेच खरे. मेल कंपनीच्या ‘info’ या सर्वसाधारण पत्त्यावर न पाठवता खरेदी किंवा उत्पादन विभाग पाहणाऱ्या माणसाला पाठवावा. त्याचे नाव बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर सापडते. नाहीच सापडले तर स्वागतकक्षाला फोन करून ‘औद्योगिक फिटिंगची खरेदी कोण पाहते?’ एवढे विचारले तरी पुरते.

आता पुराव्याकडे. ‘आम्ही उत्कृष्ट दर्जाचा माल वाजवी दरात देतो’ हे वाक्य दररोज येणाऱ्या डझनभर मेलमध्ये असते. ते खोटे नसले तरी तपासता येत नाही. कॅमलॉकच्या बाबतीत तपासता येण्याजोग्या गोष्टी तीन आहेत.

पहिली आट्यांची. ब्रिटनमध्ये बीएसपी आटे चालतात, अमेरिकेत एनपीटी. एकाचा कोन 55 अंशांचा, दुसऱ्याचा 60 अंशांचा. दोन इंची मापात बीएसपीला एका इंचात 11 आटे असतात आणि एनपीटीला साडेअकरा. फरक इतका बारीक आहे की एकात दुसरा दोन-तीन फेरे सहज जातो, मग अडकतो किंवा गळतो. ब्रिटिश वितरकाला पाठवलेल्या मेलमध्ये एनपीटीचा उल्लेख आला, तर हा मेल अमेरिकेसाठी लिहून सगळीकडे वाटला आहे हे त्याला त्याच क्षणी कळते. मानकाचेही तसेच. युरोपात कॅमलॉकसाठी ईएन 14420-7 हे मानक आहे, अमेरिकेत ए-ए-59326. दोन्हींतला कपलर-अडॅप्टरचा सांधा एकमेकांशी जुळतो, पण होजमध्ये जाणारी शेपटी आणि आटे वेगळे असतात. वितरक कोणते विकतो हे त्याच्या कॅटलॉगवरून ओळखून त्याच मानकाचे नाव घ्यावे.

दुसरी गोष्ट धातूची. 316 आणि 304 हे स्टेनलेस डोळ्यांना सारखेच दिसतात. 316 मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे क्षारयुक्त पाण्यात आणि अनेक रसायनांत ते टिकते. 316 म्हणून 304 विकण्याचे प्रकार जगभर होतात आणि प्रत्येक जाणत्या वितरकाने त्याचा कधी ना कधी चटका सोसलेला असतो. हातात धरायच्या एक्स-रे यंत्राने धातूची ओळख काही सेकंदांत पटते, म्हणजे खोटे फार दिवस टिकतही नाही. या बाबतीत विश्वास देणारा कागद म्हणजे ईएन 10204 या मानकाप्रमाणे दिलेले ‘3.1’ प्रमाणपत्र. त्यात प्रत्यक्ष पाठवलेल्या मालाच्या हीटचे, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचे, रासायनिक पृथक्करण असते आणि त्यावर उत्पादन विभागापासून स्वतंत्र असलेल्या तपासनिसाची सही असते. ‘2.2’ प्रमाणपत्रात मालाच्या त्या घाण्याचेच आकडे असतील याची हमी नसते. पुष्कळ लहान कारखाने मेलमध्ये नुसते ‘टेस्ट सर्टिफिकेट देतो’ असे लिहितात. कोणते, ते लिहिले की वाचणाऱ्याचा निम्मा संशय जातो.

तिसरी गोष्ट सर्वात मोलाची आणि ती कुणीच करत नाही. कारखान्याने ब्रिटनमध्ये मिळणारे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे अडॅप्टर विकत मागवावेत, त्यांवर आपले कपलर बसवावेत, मापे घ्यावीत, कान बंद करायला जोर किती लागतो ते पाहावे आणि पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यावी. खर्च काही हजार रुपयांचा, वेळ तीन आठवड्यांचा. हाती येतो तो एक पानाचा अहवाल, आणि वितरकाच्या मनातल्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर त्यातच असते. मोठ्या माहितीपुस्तिकेपेक्षा हे एक पान वजनदार ठरते, कारण ते त्याच्या बाजारातल्या मालावर तपासलेले आहे. चाचणीत कपलर सैल बसला तर मेल थांबवून साचा दुरुस्त करायला हवा. तोट्याची वाटणारी ही तीन आठवडे खरे तर परत आलेल्या कन्साइनमेंटपेक्षा फार स्वस्त असतात.

एवढी तयारी झाली की मेल लिहायला फारसे उरत नाही. प्रत्यक्ष मेल इंग्रजीतच जातो. त्याचा मजकूर मराठीत सांगायचा तर साधारण असा होतो:

> विषय: 316 कॅमलॉक, बीएसपी, 2 आणि 3 इंच: कोल्हापूरचा कारखाना
>
> नमस्कार,
>
> तुमच्या कॅटलॉगमध्ये 316 स्टेनलेसचे कॅमलॉक 2 ते 4 इंचांत आहेत. 3 इंची डी प्रकार मात्र सध्या शिल्लक नाही असे दिसले. आम्ही भारतात कोल्हापूरला हाच माल ईएन 14420-7 प्रमाणे बनवतो.
>
> ब्रिटनमध्ये विकत घेतलेल्या दोन कंपन्यांच्या अडॅप्टरवर आमचे 2 आणि 3 इंची कपलर बसवून आम्ही दाबाची चाचणी घेतली आहे. मापांचा एक पानाचा अहवाल तयार आहे, हवा असल्यास पाठवतो. प्रत्येक हीटचे 3.1 प्रमाणपत्र मालासोबत मिळते.
>
> पहिली ऑर्डर प्रत्येक मापाच्या 50 नगांपासून घेतो. माल कारखान्यातून 6 आठवड्यांत निघतो. ब्रिटनमध्ये आमचा अजून एकही वितरक नाही.
>
> येत्या मंगळवारी किंवा गुरुवारी, तुमच्या घड्याळाप्रमाणे सकाळी 10 वाजता 15 मिनिटे बोलता येईल का? हा माल तुमच्या उपयोगाचा नसेल तर एका ओळीत तसे कळवा, पुन्हा मेल येणार नाही.

खाली नाव, हुद्दा, कारखान्याचा पूर्ण पत्ता, फोन आणि संकेतस्थळ. बस्स.

या मजकुरातल्या काही गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिले वाक्य वितरकाबद्दल आहे, कारखान्याबद्दल नाही, आणि ते कॅटलॉग वाचल्याशिवाय लिहिता येणारे नाही. ‘डी प्रकार’ हा शब्द त्या धंद्यातला: आतून आटे असलेला कपलर. तो योग्य जागी वापरला की लिहिणारा माल ओळखतो हे समजते. ‘ब्रिटनमध्ये अजून एकही वितरक नाही’ ही कबुली आहे आणि आमिषही. जुने गिऱ्हाईक नसल्याचे लपवण्यात अर्थ नाही, कारण पहिल्याच फोनवर ते विचारले जाते; उलट वितरकाला त्यात आपल्या प्रदेशात स्पर्धा नसण्याची शक्यता दिसते. मात्र एकमेव हक्क देण्याचे वचन पहिल्या मेलमध्ये देऊ नये. एकदा लिहून दिलेला हक्क, वितरकाने वर्षभर काहीच विकले नाही तरी, परत घेणे जड जाते.

दर मुद्दाम लिहिलेला नाही. यावर निर्यातदारांत दोन मते आहेत. दर दिला की गंभीर गिऱ्हाईक लवकर कळते, असे एका बाजूचे म्हणणे. पण संख्या, गॅस्केटचा प्रकार, वेष्टन आणि माल कोणत्या बंदरापर्यंत पोहोचवायचा हे ठरल्याशिवाय दिलेला आकडा पुढे फक्त खाली ओढला जातो, आणि तो आकडा वितरकाच्या सध्याच्या पुरवठादाराला दाखवून त्याच्याकडून सवलत मिळवण्याच्या कामी येतो. पहिल्या मेलमध्ये दर न देणे अधिक शहाणपणाचे. फोनच्या वेळी मात्र तो तयार हवा.

‘6 आठवड्यांत निघतो’ हे वाक्यही तोलून लिहिलेले आहे. न्हावाशेव्याहून ब्रिटनच्या बंदरात माल कधी पोहोचेल हे कारखानदाराच्या हातात नसते. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातले हल्ले टाळण्यासाठी पुष्कळ जहाजे केप ऑफ गुड होपचा वळसा घालू लागली आणि प्रवास सुमारे दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. म्हणून स्वतःच्या हातातला दिवस तेवढा लिहावा. वेळ ठरवताना घड्याळाचीही काळजी घ्यावी लागते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटन भारताच्या साडेचार तास मागे असतो, एरवी साडेपाच तास. तिथले सकाळचे दहा म्हणजे इथले उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन.

चांगला लिहिलेला मेलही स्पॅममध्ये गेला तर सगळे वाया. लहान कारखान्यांचे मेल तिथे जाण्याचे मोठे कारण मजकुरात नसते, पत्त्यात असते. फुकटच्या जीमेल पत्त्यावरून आलेला व्यापारी मेल परदेशी खरेदीदाराला आधीच संशयास्पद वाटतो. स्वतःच्या डोमेनचा पत्ता घेतला तरी त्या डोमेनच्या नोंदीत, आपल्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरला आहे, हे लिहावे लागते. गूगलची मेलसेवा घेतली असेल तर ती नोंद अशी दिसते:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

कारखान्याने मेलसेवा बदलली की जुनी नोंद तशीच राहते आणि शेजारी नवी घातली जाते. एका डोमेनवर अशा दोन नोंदी असल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही अवैध धरतो. मेल जातो, पण बहुधा नको त्या पेटीत. तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्वतःच्याच एखाद्या जीमेल पत्त्यावर मेल पाठवून तिथे ‘Show original’ उघडणे. SPF, DKIM आणि DMARC या तिन्हींपुढे ‘PASS’ दिसले पाहिजे. एकापुढेही ते नसेल तर संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला ते आधी दुरुस्त करायला सांगावे. पहिल्या मेलला जडसे काही जोडू नये, आणि मेल उघडला की नाही हे टिपणारी अदृश्य चित्रेही घालू नयेत. ॲपलच्या मेलमध्ये 2021 पासून अशी चित्रे वाचणाऱ्याने मेल न उघडताच उतरवून घेण्याची सोय आहे, त्यामुळे त्यांवरून निघणारा आकडा भरवशाचा राहिलेला नाही.

उत्तर न येणे हा नकार नव्हे. खरेदी पाहणारा माणूस सुटीवर असतो, वार्षिक साठामोजणीत अडकलेला असतो, किंवा मेल वाचून ‘नंतर पाहू’ म्हणून विसरलेला असतो. सात-आठ कामकाजाच्या दिवसांनी त्याच मेलच्या धाग्यात दुसरा मेल जावा, पण त्यात ‘माझा मेल मिळाला का?’ एवढेच नको. त्यात नवे काहीतरी हवे, जसे 3 इंची डी प्रकाराचे ड्रॉइंग. आणखी दोन-तीन आठवड्यांनी तिसरा: दोन नग नमुन्यादाखल आपल्या खर्चाने पाठवण्याची तयारी. त्यानंतर थांबावे. चौथ्या-पाचव्या मेलने पुरवठादाराबद्दल जे मत होते, ते पुढे प्रदर्शनात समोरासमोर भेटल्यावरही पुसत नाही. ज्याने नकार कळवला त्याचे नाव वेगळ्या यादीत लिहून ठेवावे, म्हणजे वर्षभराने कारखान्यातला दुसरा कुणी त्यालाच पुन्हा मेल करणार नाही.

उत्तरे आली तर ती कशी आहेत यावरून चूक कुठे आहे ते कळते. मेल 550 या क्रमांकाच्या संदेशासह परत आला तर पत्ता चुकीचा आहे किंवा समोरच्या सर्व्हरने तो नाकारला आहे. आठही वितरक गप्प राहिले तर आधी स्पॅमची शंका घ्यावी, मग विषयाच्या ओळीची. ‘दरपत्रक पाठवा’ एवढेच उत्तर आले तर मेलने विश्वास दिला नाही, फक्त कुतूहल जागवले. अशा वेळी आंधळेपणाने दर न पाठवता कोणती मापे, वर्षाला किती नग आणि कोणते गॅस्केट एवढे तीन प्रश्न विचारावेत. ‘आमच्याकडे पुरवठादार आहे’ हे उत्तर मात्र वाईट नाही. त्यावर ‘त्यांच्याकडे एखादे माप उशिरा येत असेल तर तेवढ्यापुरते कळवा’ असे लिहून थांबावे. कॅमलॉकसारख्या मालात वितरक सगळी खरेदी एका दिवसात कधीच हलवत नाही. अडलेल्या एका मापाने सुरुवात होते.

आणि फोन ठरला तर त्या पंधरा मिनिटांत ड्रॉइंग, अहवाल आणि बंदरापर्यंतचा दर समोर उघडे ठेवून, माल प्रत्यक्ष बनवणाऱ्या माणसाने बोलावे. विक्रीचा माणूस नंतरही बोलू शकतो. वितरकाचा पहिला प्रश्न बहुधा आट्यांचा किंवा गॅस्केटच्या खाचेच्या खोलीचा असतो, आणि त्याचे उत्तर मशीनशॉपमध्ये उभ्या असलेल्या माणसालाच येते.